मदत हवी आहे: कारकुनाच्या कथेत पार्टी नेमकी कशाने गोंधळेल?

रेवा_लिहिते: कथा परवा द्यायची आहे आणि मधेच अडलेय. ऑफिसात नवा कारकून येतो. साहेबांचे तुटक मेसेज त्याला उद्धट वाटतात, म्हणून तो ते सजवून मोठ्या पार्टीला पाठवतो. पार्टी गोंधळते, नुकसान होतं. पण ते कशाने, हे पटेल असं सुचत नाही. लवकर सांगा!

दिगू: धंदा कसला?

माई_सातारा: रेवा, झालेली चूक लगेच कबूल कर आणि साहेबांना घेऊन पार्टीला भेट. माझ्या भाच्याने तसंच केलं, नोकरी वाचली.

रेवा_लिहिते: माई, कारकून मी नाही, कथेतला आहे. धंदा कस्टम क्लिअरिंगचा, न्हावाशेवा बंदरात. पार्टी सांगलीची, हळद निर्यात करणारी.

दिगू: हे आधी सांगायचं! पैसे एलसीवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीवर, आहेत का?

रेवा_लिहिते: असू शकतात. त्याने काय होतं?

दिगू: सगळं त्यावरच आहे. समजा, एलसीत माल जहाजावर चढण्याची शेवटची तारीख ३० जून. जहाज २८ चं, त्याचा कट-ऑफ, म्हणजे माल बंदरात घ्यायची शेवटची वेळ, २६ ला संध्याकाळी सहा. साहेबांचा मेसेज: ‘गाडी गेटबाहेर. फॉर्म १३ नाही. सहाला कट-ऑफ. चुकला तर पुढचं जहाज ५ जुलै.’ फॉर्म १३ म्हणजे गाडीला बंदरात शिरायची परवानगी. कारकून लिहितो: ‘आपला माल बंदरी पोचला असून लवकरच मार्गस्थ होईल. निश्चिंत असावे.’ प्रत्येक शब्द खरा वाटतो, पण मेसेजमधून तारीख गळाली. पार्टीला वाटतं माल चढला. खरा मेसेज मिळता तर तिने त्याच संध्याकाळी खरेदीदाराला एलसीची मुदत वाढवायला सांगितलं असतं.

कोकणी_माणूस: एवढं कशाला? बीएलवर, म्हणजे माल चढल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीवर, ३० जूनची तारीख घालून घेतात, आमच्याकडे पाहिलंय.

दिगू: पाहिलं असेल, पण ती फसवणूक आहे. जहाज कधी सुटलं ते कोणीही तपासू शकतं. सरळ मार्ग मुदत वाढवण्याचाच, आणि तो खरेदीदार त्याच्या बँकेतून करतो.

कोकणी_माणूस: मग मोठी पार्टी फोन करून विचारणार नाही?

दिगू: साहेबांचा मेसेज वाचून केला असता. ‘निश्चिंत असावे’ वाचून कोण करतो?

माई_सातारा: ‘मार्गस्थ’ हा शब्द मात्र सुंदर आहे गं, तो काढू नकोस.

रेवा_लिहिते: ठेवते माई, तोच घात करणार आहे. दिगूदादा, ५ जुलैला माल चढला तर खरेदीदार पैसे देईल का?

दिगू: कागदात तारखेची खोट निघते, म्हणून त्याची बँक त्याला विचारते. मधल्या काळात हळदीचा भाव उतरला असेल तर तो सूट मागेल, नाहीतर कागद नाकारेल. चढला असेल तर मुकाट्याने घेईल. भाव कुठे न्यायचा ते तुम्ही ठरवा.

रेवा_लिहिते: उतरवते. पण कारकुनाला हे कोण सांगणार, साहेब की पार्टी?