घाटात टर्बो उशिरा का जागा होतो

> "घाटात तिसऱ्या गिअरवर पेडल दाबलं तरी गाडी आधी नुसती कण्हते, मग एकदम सुटते. टर्बो खराब झालाय का?"

बहुतेक नाही, हा टर्बो लॅग आहे. १.५ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला साधारण १५०० लिटर हवा ओढतं, कारण सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच भरतो. जेवढी हवा, तेवढंच डिझेल नीट जळणार. टर्बो तीच हवा दाबून भरतो. १ बार बूस्ट म्हणजे आत वातावरणाच्या दुप्पट दाब. दाबलेली हवा तापून फुगते, म्हणून ताकद पुरती दुप्पट होत नाही. इंटरकूलर ती हवा गार करतो तो त्यासाठीच.

टर्बोतलं हवा दाबणारं चाक त्याला जोडलेल्या दुसऱ्या चाकाने, म्हणजे टर्बाइनने फिरतं, आणि टर्बाइनला फिरवतो सायलेन्सरकडे निघालेला धूर. १३०० आरपीएमला धूरच कमी, त्यामुळे टर्बाइनला लाखाच्या घरातला वेग गाठायला वेळ लागतो. तेच तुमचं कण्हणं. वळणाआधीच दुसरा टाका, १८०० च्या वर ठेवा, फरक लगेच कळेल.

वेस्टगेट म्हणजे टर्बाइनला वळसा देणारी झडप. बूस्ट ठरलेल्या दाबाला पोचला की ती उघडते आणि जादा धूर बाहेरून जातो. माझ्या जुन्या गाडीत ती गंजून उघडीच अडकली होती. तेव्हा ३००० लाही जोर येईना. तुमची गाडी नंतर सुटते, म्हणजे झडप बंद होतेय.