लिफ्टच्या विषयावर सुरू झालेली सभा पार्किंगच्या भांडणातून परत कशी आणावी?

प्रश्न (सोसायटीच्या सचिव, डोंबिवली): आमच्या 28 सदनिकांच्या इमारतीची जुनी लिफ्ट बदलायची असून खर्च 14 लाख रुपये आहे. वार्षिक सभेत हा विषय पुकारताच एका सभासदाने पार्किंगची तक्रार काढली, दुसऱ्याने उत्तर दिले आणि तासभर तेच चालले. शेवटी सभा तहकूब झाली. अध्यक्षांनी तक्रारदाराला तिथेच थांबवायला हवे होते का?

निवृत्त बँक अधिकारी, ठाणे: थांबवायलाच हवे होते. विषयपत्रिकेबाहेरचा विषय अध्यक्षांच्या परवानगीशिवाय सभेपुढे येऊ शकत नाही. पहिल्याच वाक्याला अध्यक्षांनी "हा विषय आज नाही" असे म्हटले असते, तर उत्तर द्यायला दुसरा उभाच राहिला नसता. दहा मिनिटांनी तेच वाक्य बोलले, की अध्यक्ष कोणा एकाची बाजू घेत आहेत असे लोकांना वाटू लागते.

सभासद, पुणे: मला हे मान्य नाही. सभासदाला समितीपुढे उभे राहून जाब विचारण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते. समिती त्याच्या अर्जाला उत्तर देत नसेल, तर त्याने बोलायचे तरी कुठे? तोंड बंद केलेला माणूस लिफ्टच्या ठरावालाही विरोधच करतो आणि पुढे उपनिबंधकांकडे जातो.

एक वाचक, नाशिक: आमच्याकडेही पार्किंगचा असाच त्रास आहे. भाडेकरूंच्या गाड्या आत घ्याव्यात की नाही? आमची समिती दुप्पट शुल्क मागते.

सोसायट्यांच्या सभांचे कामकाज पाहणारे सल्लागार, मुंबई: नाशिकच्या वाचकांनी हा प्रश्न कृपया स्वतंत्रपणे मांडावा, म्हणजे त्याला नीट उत्तर देता येईल. इथे सचिवांचा प्रश्न सभेच्या संचालनाचा आहे.

त्या सभेत अध्यक्षांनी तक्रारदाराला एकच गोष्ट विचारायला हवी होती: "पार्किंगचा निर्णय आज तुमच्या बाजूने लागला, तर लिफ्टवरचे तुमचे मत बदलेल का?" उत्तर "नाही" असेल, तर दोन्ही विषयांचा संबंध नाही. अशा वेळी तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, समितीच्या कोणत्या बैठकीत ती घेतली जाईल ती तारीख सर्वांसमोर सांगावी आणि लगेच लिफ्टचा ठराव वाचून दाखवावा. तारीख न सांगता "नंतर बघू" म्हटले, तर तो माणूस खाली बसत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते. उत्तर "हो" असेल, म्हणजे "आधी माझी जागा द्या, मग वर्गणी देतो" असे त्याचे म्हणणे असेल, तर ती वर्गणीला घातलेली अट आहे. ती उपसूचना म्हणून मांडायला सांगावी, अनुमोदक आहे का ते विचारावे आणि मताला टाकावी. अनुमोदक मिळाला नाही, तर ती तिथेच संपते.

तळमजल्यावरचा सभासद "मी लिफ्ट वापरत नाही, मी का भरू?" असे म्हणतो, तेव्हा मात्र त्याला विषयांतर म्हणून गप्प करू नये, कारण तो विषयावरच बोलत असतो. आदर्श उपविधींनुसार लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च ती वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या अशा सर्वांवर समान पडतो. नव्या लिफ्टलाही तेच सूत्र लावायचे असेल, तर ठरावात तसे स्पष्ट लिहून त्यावर मत घ्यावे.

सचिवबाई, विषयपत्रिकेत नेमके शब्द काय होते?

सचिव, डोंबिवली: "लिफ्टबाबत चर्चा करणे."

सल्लागार, मुंबई: मग वाट तिथेच मोकळी झाली. "चर्चा करणे" या विषयावर कोणीही काहीही बोलू शकतो आणि शेवटी मत कशावर घ्यायचे हेच ठरलेले नसते. आता पाच पूर्ण दिवसांची सूचना देऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. विशेष सभेत सूचनेतल्या विषयांखेरीज दुसरे कामकाज होत नाही, त्यामुळे अध्यक्षांना कोणाला अडवताना स्वतःचा अधिकार सिद्ध करत बसावे लागत नाही. विषय असा लिहा: "जोडलेल्या देकारानुसार 14 लाख रुपये खर्चून लिफ्ट बदलणे व त्यासाठी प्रत्येक सदनिकेकडून 50,000 रुपये समान वर्गणी घेणे." देकाराची प्रत सूचनेसोबत द्या.

सभासद, पुणे: हे सगळे समितीच्या सोयीचे झाले. पार्किंगवाल्याच्या हाती काय राहिले?

सल्लागार, मुंबई: एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर समितीला महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. 28 जणांत त्यासाठी सहा सह्या पुरतात.

सभासद, पुणे: सहा सह्या मिळवणे एकट्या माणसाला सोपे नाही. शिवाय पार्किंगचे वाटप ज्या अध्यक्षांनी केले, तेच त्यावरची तक्रार विषयबाह्य ठरवत असतील, तर त्या निर्णयावर सभासदांनी विश्वास कसा ठेवायचा?

निवृत्त बँक अधिकारी, ठाणे: अध्यक्षांची खुर्ची प्रत्येक वादासाठी बदलत राहिलो, तर एकही सभा पूर्ण होणार नाही.

सल्लागार, मुंबई: इथे पुण्याच्या सभासदांचे म्हणणे मला अधिक पटते. अध्यक्ष स्वतः त्या वादात असतील, तर तेवढ्या विषयापुरते संचालन त्यांनी आपणहून दुसऱ्याकडे द्यावे. तसे करण्याची सक्ती मात्र त्यांच्यावर करता येईल असे मला वाटत नाही.

सचिव, डोंबिवली: आमच्याकडे वाटप अध्यक्षांनीच केले होते. नव्या शब्दांतली सूचना मी समितीपुढे ठेवते आणि त्या सभेचे संचालन दुसऱ्या कोणी करावे, हेही त्यांना लेखी विचारते.