शब्दचर्चा: शिवरात्रीच्या दुसऱ्या प्रहराची पूजा नेमकी किती वाजता?

खानापूरची सूनबाई: आमच्या गावच्या महादेवाला शिवरात्रीला चार प्रहरांच्या चार पूजा असतात. सासऱ्यांच्या जुन्या वहीत 'दुसऱ्या प्रहराचा अभिषेक आपल्या घराकडे' असं लिहिलंय. देवळातल्या फळ्यावर रात्री 9 लिहिलंय आणि गुरव म्हणतात, पावणेदहाला या. दूध कधी घेऊन जायचं?

निपाणीकर: प्रहर म्हणजे तीन तास. 6 ते 9 पहिला, 9 ते 12 दुसरा. फळा बरोबर आहे की.

शहापूरचे आजोबा: तीन तास ही सरासरी झाली. प्रहर म्हणजे दिवसाचा किंवा रात्रीचा चौथा हिस्सा, म्हणून रात्र केवढी ते आधी बघायचं. फेब्रुवारीच्या मध्याला बेळगावात सूर्य साधारण 6:35 ला मावळतो आणि दुसऱ्या दिवशी 6:56 ला उगवतो. रात्र झाली 12 तास 21 मिनिटांची, प्रहर 3 तास 5 मिनिटांचा. म्हणजे दुसरा प्रहर 9:40 ला लागतो आणि पाऊण वाजता संपतो. गुरवांचं खरं आहे सूनबाई, साडेनऊला देवळात पोचा.

निपाणीकर: मग मध्यरात्र पाऊण वाजता? घड्याळात तर बारा.

शहापूरचे आजोबा: घड्याळ 82.5 रेखांशाचं, आपण 74.5 वर. आठ अंशांचा फरक, अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 32 मिनिटं उशीर इथेच झाला. उरलेली 14 मिनिटं फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या मागे असतो त्याची. म्हणून निशीथकाळ, म्हणजे मध्यरात्रीच्या पूजेचा मुहूर्तही, आपल्याकडे बाराला नाही, 12:20 च्या सुमारास लागतो. बाराच्या ठोक्याला आरती उरकली, तर तो लागायच्या आधीच उरकली.

वडगावचा तबलजी: आम्हाला गुरुजींनी मालकंस रात्रीच्या तिसऱ्या प्रहरात शिकवला, 12 ते 3. तोही पाऊणला सुरू करायचा का?

शहापूरचे आजोबा: अहो, गाण्यातले प्रहर ठोकळ तासांचेच धरतात. मैफलीला पंचांग लागत नाही, पूजेला लागतं.

खानापूरची सूनबाई: अजून एक विचारते. वहीत पुढे 'तीन प्रहर रात्र झाल्यावर शेवटचा अभिषेक' आहे. हा तिसऱ्या प्रहरातला का?

शहापूरचे आजोबा: नाही. 'तिसरा प्रहर' म्हटलं की पाऊण ते 3:50 हा सगळा तुकडा, आणि 'तीन प्रहर झाल्यावर' म्हणजे तो सरल्यावर, 3:50 च्या पुढे. तो चौथ्या प्रहराचाच अभिषेक. दोन प्रहर दिवस गेला की दुपार होते ना, तसंच हे.

हलग्याची शिक्षिका: आमच्या कन्नड शेजारीण पहाटेला 'बेळगिन जाव' म्हणतात. तो जाव म्हणजे आपला प्रहरच. पण त्या चारला उठल्या काय नि साडेपाचला उठल्या काय, शब्द तोच. माझी आजीसुद्धा 'प्रहर रात्र उरली की जात्यावर बसायचो' म्हणायची. ते खरंच 3:50 असेल?

शहापूरचे आजोबा: शिवरात्रीच्या सुमारास असेल. जूनमध्ये रात्र 11 तासांहूनही थोडी लहान, प्रहर पावणेतीन तासांचा आणि सूर्य सहाला उगवतो, म्हणजे तिथे सव्वातीन. पण आजी तेवढं मोजत होत्या असं मला वाटत नाही.

निपाणीकर: मला वाटतं मोजत असणार. शुक्र किंवा कोंबडा बघून.

हलग्याची शिक्षिका: शुक्र रोज पहाटे कुठे दिसतो? काही महिने तो संध्याकाळी असतो. आईला विचारून सांगते.