मदत हवी आहे: स्वतःची चार गाणी स्पॉटिफाय, जिओसावनवर चढवायची आहेत. डिस्ट्रिब्युटर कोणता आणि पाच वर्षांचा खर्च किती?

मिरजेची_गायिका

नमस्कार मंडळी. माझी स्वतः चाल लावलेली चार गाणी रेकॉर्ड होऊन तयार आहेत. दोन गाण्यांचे शब्द माझेच, एक कॉलेजच्या मैत्रिणीने लिहिलेलं आणि चौथा तुकोबांचा अभंग, पण चाल पूर्णपणे माझी. सांगलीच्या एका स्टुडिओत काम केलं. मिक्सिंग, मास्टरिंग झालंय आणि वेव्ह फाइल हातात आहेत. स्टुडिओचं बिल भागवल्यावर आता फार पैसे उरलेले नाहीत.

पुढे तीन रस्ते दिसतायत. एक म्युझिक कंपनी म्हणते, काहीही खर्च नको, आम्ही सगळीकडे लावतो, फक्त करारावर सही करा. एक एजंट गाण्यामागे पाच हजार मागतोय. आणि डिस्ट्रोकिडसारख्या साइटवर वर्षाची फी भरून आपणच चढवायचं, असं काही जण सांगतात.

माझा खरा प्रश्न पहिल्या वर्षाचा नाहीच. पाच वर्षं गाणी तिथे राहावीत तर एकूण किती जातील? आणि मध्येच फी भरणं थांबवलं तर गाण्यांचं काय होतं? कुणी हे स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

पेठेतला_पाटील

ताई, सरळ यूट्यूब चॅनेल काढा. 1000 सबस्क्रायबर आणि 4000 तासांचा वॉच टाइम झाला की जाहिरातींचे पैसे सुरू. एक पैसा खर्च नाही. माझ्या पुतण्याचं असंच सुरू झालं.

मिरजेची_गायिका

दादा, चॅनेल आहे, आणि व्हिडिओ करायचे तेव्हा करीनच. पण लोक गाडीत, स्वयंपाक करताना ऐकतात त्या ऑडिओ ॲपबद्दल विचारतेय. तिथे कलाकाराला थेट गाणं चढवता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो, एवढं मला कळलंय.

रेवदंडा

बरोबर, थेट घेत नाहीत. आता क्रम सांगतो. आधी इंडियन म्युझिक इंडस्ट्रीकडे अर्ज करून आयएसआरसी कोड, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, घ्या, मग कॉपीराइटची नोंदणी करा, ती हातात आल्याशिवाय गाणं बाहेर काढू नका. आणि डिस्ट्रिब्युटर निवडताना 100 टक्के रॉयल्टी देणाराच घ्या. कमिशनवाले आयुष्यभर तुमच्या कमाईतून कापत राहतात.

फेडर_खाली

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत रिलीजचं काम बघतो. मराठी कलाकारांची गाणी चढवणं हेच रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

रेवदंडा, दोन गोष्टी तुमच्या बरोबर आहेत. आयएसआरसी लागतोच आणि भारतात त्याचं काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री बघते. पण चार गाण्यांसाठी स्वतः अर्ज करायची गरज नाही. डिस्ट्रिब्युटर प्रत्येक गाण्याला कोड देतो, बहुतेक जण फुकटच. ताईंनी एवढंच करायचं, की कोड मिळाला की वहीत लिहून ठेवायचा. का ते पुढे येईलच. कॉपीराइट तर गाणं तयार झालं तेव्हाच निर्माण झाला. नोंदणी हा वाद झाला तर उपयोगी पडणारा पुरावा आहे, तिच्यासाठी रिलीज अडवून ठेवू नका.

आता 100 टक्क्यांचा हिशेब. पैसे घ्यायच्या तीन तऱ्हा आहेत. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतं, एका कलाकाराच्या प्लॅनला साधारण 25 डॉलर. हवी तितकी गाणी चढवा, कमिशन नाही. सीडी बेबी प्रत्येक रिलीजला एकदाच पैसे घेतं, 10 ते 15 डॉलर, आणि कमाईतून 9 टक्के. राउटनोटचा फुकट प्लॅन आहे, त्यात चढवायला काहीच नाही, पण कमाईतले 15 टक्के त्यांचे.

डॉलर 90 रुपये धरा आणि समजा, चारही गाण्यांनी मिळून पाच वर्षांत 6000 रुपये कमावले. फुकटवाल्याकडे 900 कापले जाऊन 5100 तुमचे. चारही गाणी एकाच ईपीमध्ये, म्हणजे छोट्या अल्बममध्ये, घालून सीडी बेबीवर टाकली तर सुरुवातीचे साधारण 900 ते 1350 आणि 9 टक्क्यांचे 540 गेले, म्हणजे चार हजारांच्या वर उरले. वर्षाच्या फीने मात्र पाच वर्षांत 11,250 रुपये भरलेत आणि आलेत 6000. रॉयल्टी 100 टक्के मिळाली, तरी पाच हजारांहून जास्त पदरचे गेले. 15 टक्के कमिशन त्या फीइतकं व्हायला पाच वर्षांत 75,000 रुपयांची कमाई लागते. महिन्याला नवं गाणं काढणाऱ्यासाठी वर्षाची फी उत्तम. चार गाण्यांवर थांबणाऱ्यासाठी नाही.

फुकट प्लॅनमधली अडचणही सांगतो. 50 डॉलर जमेपर्यंत पैसे सोडत नाहीत, आणि तपासणीला वेळ लागतो. पाडव्याला गाणं यायला हवं असेल तर महिनाभर आधी द्या.

रेवदंडा

हिशेब पटला. मी दर वर्षी सात-आठ गाणी काढतो, म्हणून माझं गणित वेगळं बसतं. पण पाच वर्षांत फक्त 6000 हे फार कमी धरलंत असं वाटतं.

फेडर_खाली

समजा म्हणूनच लिहिलं, जास्त येवोत. पण 2024 पासून स्पॉटिफायचा नियम आहे, की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान 1000 वेळा वाजलं नसेल तर त्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत. चारपैकी दोन गाणी 700-800 वर राहिली तर तिथून त्यांचे शून्य. म्हणून नव्या कलाकाराचा अंदाज मी खालीच धरतो.

शिवडी_लोकल

फी थांबली तर काय होतं ते माझ्याकडून ऐका. मी वर्षाच्या फीवाला आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. नूतनीकरणाच्या वेळी माझ्या बँकेने कार्डवरून पैसे जाऊच दिले नाहीत. परदेशी व्यापाऱ्याला आपोआप पैसे जायला आधी मंजुरी नोंदवावी लागते, ती झालेली नव्हती. ईमेल आले ते जाहिरातींच्या टॅबमध्ये पडून राहिले. एके दिवशी बहिणीचा फोन, तुझं गाणं करड्या रंगात दिसतंय, वाजत नाही. सगळीकडून उतरलं होतं.

पैसे भरल्यावर परत चढलं आणि जुने आकडेही दिसायला लागले. पण मधल्या काळात ज्या दोन प्लेलिस्टमध्ये होतं तिथून गेलं ते गेलंच. त्या प्लेलिस्टवाल्यांना परत कोण विनवणार?

फेडर_खाली

आकडे परत आले कारण आयएसआरसी तोच होता. म्हणून तो लिहून ठेवा म्हटलं. उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात तर नव्याकडे तोच कोड, तीच फाइल, तेच नाव द्यायचं, नवं दिसायला लागलं की मगच जुनं उतरवायचं. कोड बदलला की गाणं शून्यापासून सुरू.

वर्षाच्या फीतच राहायचं असेल तर डिस्ट्रोकिडकडे जादा पैसे भरून गाणं कायम ठेवायची सोय आहे, एका गाण्याला 29 डॉलर आणि अल्बमला 49, एकदाच. चार गाण्यांची ईपी त्यांच्या हिशेबात अल्बम. म्हणजे आणखी साधारण 4400 रुपये. जाहिरातीतल्या 25 डॉलरमध्ये हे नसतं. आणि त्यांच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये रिलीजची तारीख आपण ठरवू शकत नाही. हे महत्त्वाचं, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते बाहेर येण्याआधी सुचवावं लागतं, किमान सात दिवस. तारीखच हातात नसेल तर ती संधी गेली.

मिरजेची_गायिका

फार उपयोगी, दादा. मग कंपनीचा करार? त्यात 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' असं लिहिलंय. आणि एजंटचे पाच हजार?

फेडर_खाली

कंपनी डिस्ट्रिब्युटर नाही, ती तुमचं गाणं विकत घेतेय, आणि किंमत शून्य. डिस्ट्रिब्युटरच्या करारात मालकी तुमचीच राहते आणि नोटीस देऊन बाहेर पडता येतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, म्हणून हे लोक 'कायमस्वरूपी' हा शब्द आवर्जून घालतात. तो खोडून ठरावीक वर्षं लिहायला सांगा. नाही म्हणाले तर सही करू नका, कितीही गोड बोलले तरी.

एजंटला एकच विचारा, खातं कुणाच्या नावावर? बरेच जण स्वतःच्याच खात्यातून सगळ्यांची गाणी चढवतात. त्याने फी थांबवली की तुमचं गाणं खाली, आणि पैशांचा अहवालही त्याच्याकडेच. तुमच्या ईमेलने तुमचं खातं उघडून, फॉर्म भरून देणार असेल तर ती मजुरी झाली. तिला गाण्यामागे पाच हजार मला जास्त वाटतात.

बे_एरियातून

यात थोडी भर. मैत्रिणीच्या शब्दांचं लेखी घ्या, निदान ईमेलवर: हे गाणं अमुक चालीत प्रसिद्ध करायला परवानगी आहे, गीतकार म्हणून नाव असं लावावं, पैशांत वाटा इतका. अभंगाच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही, त्यामुळे गीतकार संत तुकाराम आणि संगीतकार तुम्ही असं भरा. संगीतकाराच्या जागी 'पारंपरिक' लिहू नका, चालीवरचा तुमचा हक्क कागदावर पुसट होतो. तबला किंवा तानपुरा लूपचा आहे का?

मिरजेची_गायिका

तानपुरा तयार लूपचा आहे, तबला प्रत्यक्ष वाजवलेला. का?

बे_एरियातून

मग फॉर्ममध्ये यूट्यूब कंटेंट आयडीचा, म्हणजे तुमचा आवाज दुसऱ्याच्या व्हिडिओत सापडला की आपोआप दावा करण्याचा, पर्याय येईल, तो त्या गाण्याला लावू नका. तो लूप हजारो लोकांच्या गाण्यांत असतो. तुमच्या नावाने दुसऱ्याच्या व्हिडिओवर दावा जातो, तो तक्रार करतो आणि डिस्ट्रिब्युटर तुमच्यावर चिडतो. बाकी ॲपवर ते गाणं बिनधास्त जाऊ दे.

शिवडी_लोकल

चारही एकदम ईपीत टाकू नका असं माझं मत. एकेक काढलं तर संपादकांकडे प्रत्येक गाणं सुचवता येतं. ईपीतलं एकच सुचवता येतं.

फेडर_खाली

मुद्दा खरा आहे, पण सीडी बेबीवर चार सिंगल म्हणजे चारदा फी. फुकट प्लॅनमध्ये तो प्रश्न येत नाही. तरी अभंग मी वेगळा काढीन, आषाढी एकादशीच्या तीन-चार आठवडे आधी हाती देऊन.

मिरजेची_गायिका

सगळ्यांचे मनापासून आभार. कंपनीला नाही कळवते. अभंग फुकट प्लॅनवर आधी चढवते आणि मैत्रिणीकडून आजच ईमेल घेते. बाकी तीन एकेक की ईपी, ते अजून ठरत नाहीये. आणि एक राहिलंच: अभंगाची कॉलर ट्यून व्हावी अशी घरच्यांची फार इच्छा आहे. परदेशी डिस्ट्रिब्युटरकडून जिओ, एअरटेलपर्यंत ती जाते का, की त्यासाठी भारतातलाच कुणी गाठावा लागेल?

फेडर_खाली

आम्ही कॉलर ट्यूनसाठी भारतातलाच डिस्ट्रिब्युटर वापरतो. तुम्ही निवडाल तो ज्या दुकानांना, म्हणजे ॲप आणि सेवांना, गाणी देतो त्या यादीत मोबाइल कंपन्यांची नावं आहेत का ते फॉर्म भरण्याआधी बघा. एकच गाणं दोन डिस्ट्रिब्युटरकडे द्यायचं झालं तर कुठलं दुकान कुणाकडे ते आधी वाटून घ्या, नाहीतर एकाच ॲपवर गाणं दोनदा दिसतं. परदेशी कंपनीतून कुणाची ट्यून लागली असेल तर त्यांनी इथे लिहा, मलाही हवंय.