मदत हवी आहे: कॅशबुक आणि बँक स्टेटमेंटमध्ये 270 चा फरक राहतोय

दुकानाचं महिनाअखेरचं जुळवायला बसलेय, कॅशबुकच्या बँक कॉलममध्ये 48,250 शिल्लक आणि करंट अकाउंटच्या स्टेटमेंटला 52,340. एकेक एंट्रीला टिक करत गेले तेव्हा कळलं की सप्लायरला दिलेला 7,500 चा चेक त्याने अजून बँकेत टाकलेलाच नाही, आणि शेवटच्या दिवशी मी भरलेला 3,000 चा चेक क्लिअर व्हायचाय. म्हणजे स्टेटमेंटचे झाले 47,840. हे दोन्ही पुढच्या महिन्यात आपोआप जुळतील, त्याला एंट्री लागत नाही ना?

बँकेने 140 चार्जेस कापलेत ते मात्र माझ्याकडे लिहिलेच नव्हते, ते वजा केले तर कॅशबुक 48,110. तरी 270 जास्तच दिसतायत!

270 ला 9 ने भाग जातो, म्हणून वाटतंय कुठेतरी आकडे उलटे लिहिले गेलेत, 1,850 चे 1,580 असं काहीतरी. कॅशबुक जास्त दाखवतंय म्हणजे खर्च कमी लिहिलाय किंवा जमा जास्त, बरोबर ना? आधी कुठली बाजू तपासू? आणि चार्जेसची एंट्री बँकेने कापले त्या तारखेला करायची की आजच्या? प्लीज सांगा, दोन रात्री यातच गेल्यात.