विहिरीवरची कविता विहिरीबद्दलच असते का?

वाशीचा बाप: मुलगी दहावीत आहे. चाचणीत ही अपठित कविता आली होती:

दोर गेला, कप्पी गेली,
काठावरच्या खाचा तेवढ्या उरल्या.
विहिरीवर आता जाळी आहे.
आजी नळाखाली हंडा ठेवते,
तोटी सोडते,
आणि हंडा भरायच्या आत
तिचे हात भरून येतात.

'विषय' म्हणून तिनं 'गावची विहीर' लिहिलं, ते बरोबर. 'मध्यवर्ती कल्पना' म्हणून 'विहिरीचं महत्त्व आणि पाणी वाचवा' लिहिलं, तर दोनपैकी शून्य! विषय वेगळा, कल्पना वेगळी, हा मास्तर लोकांचा मार्क कापायचा धंदा आहे. कविता विहिरीवर आहे, संपलं.

नौपाड्याचे सर: 'धंदा' वाचलं म्हणून चहा बाजूला ठेवून लिहितोय. पाणी वाचवा कुठल्या ओळीत आहे, दाखवा. इथे टंचाईच नाही, नळाला पाणी येतंय! मुलीनं विहीर शब्द पाहिला आणि निबंधातलं वाक्य चिकटवलं.

मी वर्गात फळ्यावर दोन रकाने काढायचो: गेलं काय, उरलं काय. इथे दोर, कप्पी गेली. खाचा आणि हातांचं दुखणं उरलं. दगडावर दोरानं जे केलं तेच आजीच्या हातांवर झालंय. म्हणजे काम सुटलं तरी ते शरीरातून जात नाही, असं कविता म्हणते. आता विहीर काढून जातं ठेवा. आजी मिक्सरचं बटण दाबते आणि खांदा भरून येतो. विषय बदलला, म्हणणं तेच राहिलं. जे बदलूनही टिकतं ती मध्यवर्ती कल्पना. विषय 'विहीर' या एका शब्दात संपतो, कल्पना सांगायला पूर्ण वाक्य लागतं.

मीनल, कोपरी: सर, एवढं ताणायला नको. 'जुन्या गावाची ओढ' एवढं पुरे. मला तर वाचून आजोळ आठवलं.

नौपाड्याचे सर: आजोळ तुम्हाला आठवलं, आजीला नाही. ओढ असती तर ऊर भरून आला असता. इथे हात भरून येतात, ते ओझ्यानं. आठवण आहे हे तुमचं बरोबर, पण ती गोड आहे हे तुम्ही घरून आणलंत.

ऐरोली गावठाण: कवितेत मूळ घोटाळा आहे त्याचं काय? कप्पी असेल तर दोर चाकावरून जातो, काठाला घासतच नाही. मग खाचा पडतील कशा? लहानपणी मी कळशी ओढलीय, मला नका सांगू.

मीनल, कोपरी: आमच्याकडे रहाट होता.

ऐरोली गावठाण: रहाट वेगळा, कप्पी वेगळी, मोट तर शेताची. कप्पीनं वजन कमी होत नाही, पण दोर खाली ओढायचा असल्यामुळे अंगाचा भार कामाला येतो. कप्पी नसली की काठावर वाकून पंधरा लिटरची कळशी नुसत्या दंडांवर वर घ्यायची. पाठ जाते.

नौपाड्याचे सर: मग कप्पी मागाहून बसली असेल. खाचा त्याआधीच्या. उलट तुम्ही माझीच बाजू पक्की केलीत, आजीचे हात कप्पीच्याही आधीचं ओझं लक्षात ठेवून आहेत.

ऐरोली गावठाण: हे तुम्ही रचताय. कवीला विहिरीवरचं काम माहीत नाही, एवढंच खरं.

टँकरग्रस्त, घोडबंदर: तुम्ही दंडांवर भांडा. आमच्या सोसायटीत महिन्याला टँकरचं बिल बघाल तर पाणी वाचवा हीच मध्यवर्ती कल्पना वाटेल.

नौपाड्याचे सर: ती तुमच्या बिलाची आहे, कवितेची नाही.

दिघ्याचा वाचक: सगळे आजीच्या हातांत अडकलेत. माझ्या आजीला काठाला हात लावायची मुभा नव्हती, कुणी ओतेल तेव्हा पाणी. जोतिरावांनी १८६८ मध्ये घरचा हौद खुला केला, १९२७ मध्ये महाडला चवदार तळं झालं, ते उगाच? विहिरीची कविता आणि ओढणार कोण हा प्रश्नच नाही?

नौपाड्याचे सर: प्रश्न रास्त आहे. विषय तोच विहीर आणि कल्पना साफ वेगळी, याचं तुमच्या आजीहून चांगलं उदाहरण मला वर्गात सापडलं नव्हतं. पण ती कविता दुसरी. या सात ओळींत तिचा पुरावा नाही, उत्तरपत्रिकेत मी मार्क दिला नसता.

दिघ्याचा वाचक: पुरावा नाही कारण ज्यांना काठ मिळाला त्यांनीच कविता लिहिली. गाळलेलंही वाचायला शिकवा कधीतरी.

नौपाड्याचे सर: गाळलेलं वाचायला आधी लिहिलेलं वाचावं लागतं.

दिघ्याचा वाचक: हेच आम्हाला विहिरीवर सांगायचे, आधी आमचं होऊ द्या.

वाशीचा बाप: बरं बाबा, पाणी वाचवा मागे घेतलं. मुलीला तुमचं जात्याचं सांगितलं तर म्हणाली, 'मग आपल्या आजीचा अंगठा मोबाइलवरही नंबर फिरवल्यासारखा गोल फिरतो, ते चालेल?' चालेल वाटतं. पण विषय बरोबर होता, त्याचा अर्धा मार्क तरी इकडे वळवता आला असता.

ऐरोली गावठाण: आणि खाचांचं काय ठरलं?