दुसरं मूल: मला हवंय, बायकोला नको. बोलायचं कसं?

सिंहगडरोडकर
मी 38, बायको 35, मुलगी सव्वाचार वर्षांची. मला दुसरं हवंय, तिला नको. गेल्या दिवाळीपासून विषय निघाला की पाचव्या मिनिटाला भांडण आणि मग दोन दिवस अबोला. मूल व्हावं की नाही, हे विचारत नाहीये. वय, खर्च आणि आमचे आईवडील हे तीन विषय कृपया बाजूला ठेवा. भांडण न होता बोलायचं कसं, एवढंच सांगा.

कोथिंबीरवडी
35 म्हणजे बोलत बसायची वेळच नाही. आधी एएमएच तपासून घ्या. माझ्या नणंदेने विचार करण्यात तीन वर्षं घालवली आणि आता रडतेय.

घाटावरचा
आम्हाला दोन आहेत. थोरल्याचेच कपडे धाकट्याला, खर्च म्हणाल तर काही वाढत नाही. एकटं मूल हट्टी होतं.

एकुलती_एक
मी एकटी वाढले, हट्टी नाही (नवऱ्याला विचारू नका). आणि कपड्यांवर खर्च होतो कुणाचा? पाळणाघर आणि शाळेची फी थोरल्याची धाकट्याला होत नाही.

घाटावरचा
आमच्याकडे आई सांभाळते.

एकुलती_एक
म्हणजे खर्च आईच्या गुडघ्यांवर टाकलाय.

मीनल_ठाणे
मी जोडप्यांचं समुपदेशन करते. आधी एएमएचचं: ती तपासणी स्त्रीबीजांचा साठा साधारण किती उरलाय एवढं सांगते. या वर्षी दिवस राहतील की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. तो कागद भांडणात पुरावा म्हणून नाचवू नका.

आता मूळ प्रश्न. 'नको' तीन प्रकारचं असतं: कधीच नको, आत्ता नको आणि मागच्यासारखं नको. तुम्ही तिन्हींना एकच उत्तर देत असाल म्हणून भांडण होतं. तिला एकदाच विचारा, "काय बदललं तर तुझं उत्तर बदलेल?" 'रात्री मी एकटी जागणार नाही' असं काही म्हणाली, तर बोलायला जागा आहे. 'काहीच नाही' म्हणाली, तर ते उत्तर आहे. दर महिन्याला तोच प्रश्न विचारणं म्हणजे चर्चा नाही, तगादा. तुम्हीही सांगा, तुम्हाला नेमकं काय हवंय: बाळ, लेकीला भावंड, की आणखी काही?

पद्धत साधी आहे. समोरासमोर बसा. एकाने दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. मग ऐकणाऱ्याने तेच आपल्या शब्दांत सांगायचं आणि बोलणारा "हो, हेच" म्हणेपर्यंत पुन्हा सांगायचं. पहिल्या बैठकीत निर्णय घ्यायचा नाही, हे आधीच ठरवा.

रात्रपाळीवाला
मीनलताई म्हणतात ते खरंय. आमचं सांगतो. 'मी पण केलंच की सगळं' असा माझा दावा होता. मग दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लेकाच्या पहिल्या वर्षाचं लिहून काढलं: रात्री कोण उठायचं, लशीला कुणी नेलं, ताप आला तेव्हा सुट्टी कुणाची गेली. माझ्या कागदावर सात ओळी, त्यातल्या दोन 'डायपर आणले'. तिने दोन पानं भरली होती. शेवटी लिहिलं होतं की चौथ्या महिन्यात ती रोज न्हाणीघरात नळ सोडून रडायची. मी त्याच घरात होतो, मला माहीतच नव्हतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं, पुढे डॉक्टरांनी सांगितलं, आणि एकदा झालं की पुढच्या वेळी शक्यता जास्त, हेही. आम्ही एकावर थांबलो. मला अजून अधूनमधून वाईट वाटतं. ते मी तिला सांगतो, पण तिने काही करावं म्हणून नाही.

कोथिंबीरवडी
सगळ्याच बायका रडतात हो त्या काळात.

रात्रपाळीवाला
पहिल्या आठवड्यात, दोन आठवड्यांत ठीक. चौथ्या महिन्यात रोज नाही.

पेठेतला_जावई
मधला मार्ग काढा ना.

मीनल_ठाणे
अर्धं मूल होत नाही. इथे कुणीतरी एकजण दुःखी होणारच, ते मान्य करून बसा.

घाटावरचा
दोघांच्या आयांना बसवा समोर, अर्ध्या तासात निकाल.

सिंहगडरोडकर
सगळ्यांना धन्यवाद. समोरासमोर बसणं जमलं नाही, तिला ती मुलाखत वाटली. कागदाचं मी सुचवलंच नाही, माझ्या किती ओळी होतील याचा अंदाज होता. शनिवारी साताऱ्याहून येताना लेक मागे झोपली होती, खंबाटकी उतरल्यावर गाडीतच विचारलं. रस्त्याकडे बघत बोलता येतं, हे बरं पडलं.

तिने प्रश्न उलटा केला: "तुला काय झालं तर एक पुरेल?" मला उत्तर देता आलं नाही. शिरवळपर्यंत विचार केला. बाबा आयसीयूत असताना ताई आणि मी आळीपाळीने बसायचो, ते सांगितलं. हे तिला ठाऊक होतं, पण दुसऱ्या मुलाशी त्याचा संबंध आहे हे मी कधी बोललो नव्हतो. मग तिने टाके पिकले होते त्या पंधरा दिवसांचं सांगितलं. ते इथे लिहीत नाही. टोलनाक्यावर लेक उठली, विषय तिथेच थांबला. ती अजून 'नको'च म्हणतेय, फक्त या वेळी अबोला नाही.

कोथिंबीरवडी
मग एएमएच केलं का?